गुरबाणीतली वेलांटी चालीसाठी नाही

"गुरबाणीत शब्दांच्या शेवटी येणाऱ्या ऱ्हस्व वेलांट्या आणि उकार फक्त चालीसाठी असतात, त्यांना अर्थ नाही. शब्दयोगी अव्ययं गाळलेली असतात, ती हिंदीतल्या 'में, से, का'प्रमाणे मनाने घालावीत. क्रियापदं आजच्या पंजाबीचीच आहेत. लिपी आली की अर्थ आला."

नांदेडला गुरमुखी शिकणाऱ्या माझ्या भाचीने गुरबाणीबद्दल, म्हणजे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबातल्या पद्यरचनांबद्दल, फिरत आलेला हा संदेश वहीत उतरवून घेतला आणि त्या भरवशावर ती जपुजी, म्हणजे त्या ग्रंथातली पहिली रचना, वाचायला बसली. म्हणून लिहितो आहे, आणि रागाने लिहितो आहे.

आधी चालीचं बघू. जपुजीच्या दुसऱ्या पउडीत, म्हणजे कडव्यात, 'हुकमु न कहिआ जाई' असं आहे आणि लगेच पुढच्या ओळीत 'हुकमि मिलै वडिआई'. हुकमु आणि हुकमि, दोन्हींच्या मात्रा तीनच. चालीसाठी कुठलंही एक रूप दोन्हीकडे चाललं असतं. फरक आहे तो विभक्तीचा. औंकड, म्हणजे शेवटचा ऱ्हस्व उकार, पुल्लिंगी एकवचनी नामाला कर्ता किंवा कर्म ठरवतो: हुकूम सांगता येत नाही. सिहारी, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, 'ने' किंवा 'मध्ये' सांगते: हुकमाने मोठेपण मिळतं. म्हणजे इथे काहीही गाळलेलं नाही, प्रत्यय शब्दातच आहे. 'घरी', 'मनी' म्हणणाऱ्या मराठी माणसाला तर हे समजावून सांगायचीही गरज पडू नये. प्रा. साहिब सिंग यांनी 'गुरबाणी विआकरण' १९३९ साली छापलं. त्यात हे नियम बाणीतल्याच ओळींच्या आधारे मांडले आहेत. ते उघडून न बघताच हे संदेश फिरतात.

मनाने अव्ययं घालण्याचा सल्ला तर घातकच आहे. त्याच पउडीतली ही ओळ घ्या: 'हुकमै अंदरि सभु को बाहरि हुकम न कोइ'. भाचीने दुसऱ्या अर्ध्याचा अर्थ लिहिला होता, 'बाहेर कुठलाही हुकूम नाही'. म्हणजे हुकमाची सत्ता कुठेतरी संपते, असं झालं! पण तसं म्हणायचं असतं तर 'हुकमु' लिहिलं असतं. इथे 'हुकम' आहे, मुक्ता, शेवटी काहीही न लागलेलं. पुल्लिंगी एकवचनी नामाला अव्यय जोडलं की औंकड गळतो: गुर का, मन महि. म्हणून असं उघडं नाम दिसलं की त्याचं अव्यय शोधायचं, आणि ते नामानंतरच असेल असं धरायचं नाही. पद्यात ते नामाच्या आधीही येतं. इथे ते 'बाहरि' आहे. अर्थ: हुकमाबाहेर कोणीही नाही. सगळे हुकमाच्या आत आहेत, या पहिल्या अर्ध्याशी तो नीट जुळतो. इथे उकार नाही हे नजरेआड केलं तर ओळ स्वतःच्याच विरुद्ध बोलू लागते.

उघडं नाम अनेकवचनीही असू शकतं. ते क्रियापदावरून ओळखायचं. 'हुकमी होवनि आकार' यात 'होवनि' तृतीय पुरुषी अनेकवचन आहे, म्हणून आकार अनेक. आता 'क्रियापदं आजचीच' या दाव्याकडे या. आज 'हुंदे हन' म्हणतात, इथे 'होवनि'. 'दुख सुख पाईअहि' म्हणजे सुखदुःखं मिळतात, पण हे कर्मणी रूप आहे, मिळवणारा वाक्यात नाहीच. जपुजीतच पुढे 'गावहि तुहनो पउणु पाणी बैसंतरु गावै राजा धरमु दुआरे' अशी ओळ आहे. वारा, पाणी, अग्नी अनेक, म्हणून 'गावहि'. धर्मराज एक, म्हणून 'गावै'. 'तुहनो'मधला 'नो' हा आपला 'ला'. 'सो दरु' या त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या रचनेत हीच ओळ 'गावनि तुधनो' अशी येते, म्हणजे '-हि' आणि '-नि' ही एकाच कामाची दोन रूपं.

थोडं खरंही आहे, ते मानतो. पाठ करताना शेवटची सिहारी आणि औंकड बहुधा उच्चारत नाहीत, म्हणून कानाला ती नाहीतच असं वाटतं. 'हुकमी' हे 'हुकमि'चंच लांब रूप आहे, आणि त्या दोघांतून निवड करताना चाल उपयोगी पडली असेल. शिवाय प्रत्येक सिहारी विभक्तीची नसते. 'हरि', 'भगति' यांत ती मूळ शब्दाचीच आहे. 'हुकमि लिखि' यात पहिली वेलांटी 'ने' सांगते, तर दुसरी क्रियापदावर असल्याने 'लिहून' सांगते. 'इकि'मध्ये ती अनेकवचनाची आहे, 'काही जण', आणि त्याच ओळीतलं 'इकना' म्हणजे 'काहींना'. म्हणून सिहारी दिसली की आधी विचारायचं: शब्द नाम आहे, क्रियापद आहे की सर्वनाम? नाम असेल तर तोच शब्द बाणीत दुसरीकडे औंकडाने येतो का, ते बघायचं. येत असेल, तर ही वेलांटी विभक्तीची.