नाव सगळीकडे दिसतंय म्हणजे ब्रँड मजबूत? गुचीचं काय झालं ते बघा

«ब्रँड इक्विटी म्हणजे शेवटी लोकांना नाव किती माहितीये ते. जितक्या जास्त वस्तूंवर नाव टाकाल तितकी इक्विटी वाढते. आणि एक्स्टेन्शन आपटलं तर फार तर ते एक प्रॉडक्ट बंद होतं, मूळ ब्रँडला काही होत नाही.»

ब्रँड इक्विटी म्हणजे नावामुळे मालाला मिळणारी जास्तीची किंमत, आणि एक्स्टेन्शन म्हणजे तेच नाव नव्या मालावर टाकणं; या दोन्हींवरच्या प्रश्नाला हे तीन वाक्यांचं उत्तर नोट्समधून फिरतंय आणि पोरं ते जसंच्या तसं पेपरात उतरवतात, म्हणून एकेक वाक्य घेतो.

पहिलं वाक्य एका भागालाच अख्खी गोष्ट समजतं. मार्केटिंगचा अभ्यासक डेव्हिड आकरने 1991 मध्ये ब्रँड इक्विटीची जी मांडणी केली तिच्यात अवेअरनेस, म्हणजे नाव माहिती असणं, हा पाच भागांतला एक आहे. बाकीचे म्हणजे पर्सीव्हड क्वालिटी (गिऱ्हाईकाला वाटणारा दर्जा, लॅबमध्ये मोजलेला नव्हे), असोसिएशन्स म्हणजे नाव ऐकलं की डोक्यात जे जे येतं ते, मग लॉयल्टी, आणि शेवटी ट्रेडमार्क-पेटंटसारखी मालकीची मालमत्ता. हे पाचही सोबतच वर जातील असं अजिबात नाही, एक चढताना दुसरा उतरू शकतो आणि सगळी गोम तिथेच आहे.

दुसऱ्या वाक्याला इटलीचा महागड्या चामडी वस्तूंचा ब्रँड गुची हे सरळ उत्तर आहे. 1979 मध्ये त्यांनी ॲक्सेसरीज कलेक्शन काढलं, चामड्याऐवजी डबल-जी छापलेलं कॅनव्हास, त्याच्या कॉस्मेटिक बॅगा, शिवाय पेनं, लायटर, असला स्वस्तातला माल, आणि तो जिथे मिळेल तिथे विकायला ठेवला. बरं, हे फेल गेलं नव्हतं, धडाक्यात खपत होतं! 1980च्या दशकाच्या शेवटी गुची नावाच्या वस्तू 22,000च्या घरात गेल्याचं सांगतात. आता पाच भाग लावून बघा. अवेअरनेस वाढलाच. पण नाव ऐकल्यावर आधी फ्लॉरेन्सचं हातकाम आठवायचं, त्याच्या जागी आता विमानतळावरची कॉस्मेटिकची पिशवी आठवायला लागली, म्हणजे असोसिएशन बदललं. त्याच नावाखाली साधा माल हातात आल्यावर महागड्या बॅगेच्या दर्जाबद्दलही शंका येणारच. ज्यांनी वेगळेपणासाठी पैसे मोजले होते त्यांना तेच नाव कुणाच्याही हातात दिसायला लागलं, मग लॉयल्टी कशाच्या जोरावर टिकणार? आणि छापील कॅनव्हासची नक्कल करणं चामड्यापेक्षा सोपं, त्यामुळे बनावट मालाने बाजार भरला, म्हणजे पाचव्या भागालाही धक्का. विक्रीचा आकडा बघणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

1989 मध्ये गुची सावरायला आलेल्या डॉन मेलो यांनी वस्तू 22,000वरून साधारण 7,000वर आणल्या, दुकानंही भराभर कमी केली. छाटणी झाल्यावर विक्री लगेच खाली आली, कंपनी तोट्यात गेली, म्हणजे पातळ केलेलं नाव परत घट्ट करायलाही पैसे लागतात. (घरातली भांडणंही तेव्हा जोरात होती, सगळं खापर एक्स्टेन्शनवर फोडू नका, परीक्षकाला तेवढं कळतं.)

तिसरं वाक्य अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त फसवतं. बिकने 1980च्या दशकाच्या शेवटी परफ्युम काढलं, ते चाललं नाही, मागे घेतलं, आणि बिकचे पेन-लायटर आजही विकले जातात. का? कारण परफ्युम लोकांना मूळ मालापासून इतकं लांबचं वाटलं की त्यांनी ते डोक्यात वेगळ्याच खणात टाकलं, त्याचा राग पेनावर निघाला नाही. उलट कॅडिलॅकने 1982च्या मॉडेलसाठी सिमरॉन आणली, ती होती शेव्हरोले कॅव्हलियरच्याच सांगाड्यावरची, चार सिलिंडरची छोटी गाडी, वर कॅडिलॅकचा बिल्ला. ही लांबची नव्हती ना, गाडीच होती, म्हणून गिऱ्हाईकाने तिच्यावरून थेट कॅडिलॅकबद्दलच मत बनवलं. थोडक्यात, न जुळणारं एक्स्टेन्शन स्वतः मरायची शक्यता जास्त, आणि जवळचं पण हलकं एक्स्टेन्शन मूळ ब्रँडला डाग लावायची शक्यता जास्त. फेल होणं म्हणजे माल न खपणं आणि डायल्यूट होणं म्हणजे मूळ नाव पातळ होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वरचं वाक्य त्या एकच धरून चालतं.

उत्तरात उदाहरण दिलं की कुठला भाग हलला ते नावानिशी लिहा, नुसतं «इमेज खराब झाली» लिहिलं की मार्क जातात. आणि डायल्यूशन कसं ओळखायचं असं विचारलं तर हे लिहा: नाव ओळखणारे तेवढेच किंवा जास्त, पण त्याच नावासाठी जादा पैसे द्यायला तयार असणारे कमी होत चाललेत, माल डिस्काउंट लावल्याशिवाय हलत नाहीये, आणि «हे नाव ऐकून काय आठवतं» असं विचारलं तर मूळ मालाऐवजी भलतंच काहीतरी पहिलं येतंय.