दातासाठी लवकर सोडण्याचा अर्ज कसा लिहू नये, म्हणजेच कसा लिहावा

मुलाची दाढ भरायची आहे, डॉक्टरांनी बुधवारी दुपारी अडीचची वेळ दिली आहे. म्हणजे मुख्याध्यापकांना अर्ज लिहिणं आलं. घाई करू नका. अर्ज मंगळवारी रात्री, मूल झोपल्यावर, त्याच्याच वहीचं मधलं पान फाडून लिहावा.

सुरुवात ‘येत्या बुधवारी’ अशी करा. तारीख टाकू नका, तेवढीच गूढता. टाकायचीच झाली तर कॅलेंडर न बघता टाका, म्हणजे ‘बुधवार, दि. १५’ लिहाल आणि १५ तारीख गुरुवारी निघेल. मग वर्गशिक्षिका वाराला खरं मानतील आणि ऑफिसातले कारकून तारखेला. बुधवारी गेट पास तयारच नसेल. गुरुवारी मात्र तुमचं मूल पावणेदोनला दप्तर भरून ऑफिसच्या बाकावर बसलेलं असेल.

वेळेचं तर विचारूच नका. ‘अडीच वाजता दाताचे डॉक्टर आहेत, तरी लवकर सोडावे’ एवढं पुरे. किती लवकर, ते शाळेने ओळखावं. वर्गातून हाक मारून आणायला आणि रजिस्टरवर सही करायला पंधरा मिनिटं, दवाखान्यात पोचायला वीस, तिथे फॉर्म भरायला दहा, हा हिशेब करून ‘पावणेदोनला सोडावे’ असं लिहिणारे पालक असतात म्हणे. त्यांना दुसरे उद्योग नसावेत.

न्यायला कोण येणार? ‘घरचं कोणीतरी येईल.’ आत्याचं नाव, नातं, फोन नंबर लिहिलात तर वॉचमनकाकांना तिला फाटकाबाहेर उभं ठेवून तुम्हाला फोन करायचं कारणच उरणार नाही. तुम्ही मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. अर्ध्या तासाने आत्या परत जाते.

मूल नंतर शाळेत परत येणार की नाही, हेही मोघम ठेवा. बधिरतेचं इंजेक्शन दिलं की ओठ-गाल दोन-तीन तास आपले वाटत नाहीत, आणि लहान मुलं गंमत म्हणून तोच ओठ चावत बसतात. (आमच्याकडे एकदा दाढ छान भरून आली आणि ओठ आठवडाभर सुजला.) म्हणून ‘त्या दिवशी परत येणार नाही’ हे वाक्य अजिबात लिहू नका.

शेवटी अर्ज दप्तराच्या तळाशी, डब्याखाली ठेवा. रोल नंबर आणि तुकडी गाळा. त्या नावाची शाळेत तीनच मुलं आहेत.

शेजारच्या वहिनींनी सोमवारीच चार ओळी लिहून दिल्या होत्या: ‘इयत्ता चौथी ब, रोल नं. १७. बुधवार, दि. १४ रोजी दुपारी १.४५ वाजता दातांच्या उपचारासाठी सोडावे. आत्या ओळखपत्रासह न्यायला येईल. त्या दिवशी परत येणार नाही.’ खाली सही, फोन नंबर. कसली मजा नाही त्यात. दहा मिनिटांत मूल बाहेर. तक्रार फक्त मुलाचीच होती: बुधवारी शेवटचा तास खेळाचा असतो, गणिताचा गुरुवारी.