26, 27, 28 की 29: पर्यायांत सापडलेल्या उत्तराचा ताळा

«रीझनिंगच्या प्रश्नात आपण काढलेलं उत्तर पर्यायांत सापडलं, की ते बरोबरच समजायचं आणि पुढे जायचं. शंका आलीच, तर तेच गणित पुन्हा एकदा करून बघायचं. पर्याय बाद करत करत एकच उरला, तर मग गणिताचीही गरज नाही. दुसऱ्या रीतीने ताळा घेत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.»

या चार विधानांची परीक्षा एकाच प्रश्नावर घेऊ. प्रश्न नेहमीच्या साच्यातला आहे. एका रांगेत अ डावीकडून 12वा आहे आणि ब उजवीकडून 18वा आहे. दोघांनी आपापसात जागा बदलल्यावर अ डावीकडून 21वा होतो. तर ब आता उजवीकडून कितवा आहे? पर्याय 26, 27, 28 आणि 29.

सर्वांना पाठ असलेली रीत अशी आहे. जागा बदलल्यावर अ ज्या ठिकाणी उभा राहतो ते ठिकाण आधी ब चे होते, म्हणजे तीच जागा डावीकडून 21वी आणि उजवीकडून 18वी आहे. दोन्ही बाजूंनी मोजताना त्या जागेवरचा माणूस दोनदा मोजला जातो, म्हणून एक वजा करायचा, आणि रांगेत एकूण 21 + 18 − 1 = 38 जण आहेत असे निघते. ब आता अ च्या जुन्या जागी, म्हणजे डावीकडून 12व्या जागी आहे, तेव्हा उजवीकडून तो 38 − 12 + 1 = 27वा ठरतो. उत्तर 27 आहे.

आता पहिले विधान घेऊ. वरच्या रीतीत चूक होण्याच्या दोन ठरलेल्या जागा आहेत, पहिली म्हणजे एक वजा करण्याची आणि दुसरी म्हणजे एक मिळवण्याची. एकूण संख्या काढताना एक वजा करायचे राहिले तर 39 येतात आणि पुढचे सगळे बिनचूक केले तरी उत्तर 28 येते. एकूण संख्या नीट काढली, पण शेवटी एक मिळवायचे राहिले तर 26 येतात. ज्याने प्रश्न घाईत वाचून 12 आणि 18 हे एकाच माणसाचे दोन बाजूंचे क्रमांक समजले, त्याला 12 + 18 − 1 = 29 मिळतात. म्हणजे चुकीचे तिन्ही पर्याय एकेका विशिष्ट चुकीचे फलित आहेत. प्रश्न तयार करणारा हे आकडे यदृच्छया टाकत नाही, परीक्षार्थी कुठे घसरेल याचा अंदाज घेऊन टाकतो, आणि त्यामुळे घसरलेल्या माणसालाही आपले उत्तर पर्यायांत हमखास सापडते. उत्तर पर्यायांत नसेल तर कुठेतरी चुकले आहे, किंवा क्वचित प्रश्नच चुकला आहे, एवढे नक्की कळते. ते पर्यायांत असेल तर मात्र त्याच्या खरेपणाविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

याहून फसवी गोष्ट अशी की ज्याच्या दोन्ही चुका होतात, म्हणजे जो एक वजाही करत नाही आणि मिळवतही नाही, त्याला 39 − 12 = 27 हे बरोबर उत्तर मिळते. चुका एकमेकींना खाऊन टाकतात. तो हीच रीत पक्की मानून पुढे जातो, आणि पुढच्या प्रश्नात «रांगेत एकूण किती जण आहेत?» असे विचारले की 39 वर खूण करतो.

हाच माणूस दुसऱ्या विधानाप्रमाणे तेच गणित पुन्हा करून बघतो तेव्हा काय होते, ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या डोक्यात «डावीकडचा क्रमांक आणि उजवीकडचा क्रमांक मिळून एकूण» असे चुकीचे सूत्र बसलेले आहे. ब उजवीकडून 18वा, म्हणून डावीकडून 39 − 18 = 21वा; प्रश्नातही 21च आहे, म्हणजे जुळले. अ डावीकडून 12वा, म्हणून उजवीकडून 27वा, तेही जुळले. चुकीचे सूत्र सातत्याने वापरले तर ते स्वतःशी कधीच भांडत नाही, आणि उत्तर प्रश्नात ठेवून पाहण्याची सवय चांगली असली तरी ठेवताना तेच सूत्र वापरले तर तिचा उपयोग होत नाही. तेच गणित पुन्हा करण्याने 21 अधिक 18 मधली बेरजेची चूक सापडू शकेल, रीतीतली चूक सापडणार नाही. मला या चारही विधानांत हेच सर्वांत घातक वाटते, कारण त्यातून तपासल्याचे समाधान मिळते आणि तपासणी मात्र झालेली नसते.

म्हणून ताळ्याची रीत अशी हवी, की तिला पहिल्या रीतीतल्या चुकीच्या जागांवरून जावेच लागू नये. आपल्या प्रश्नात ती रीत अगदी जवळ आहे. अ 12व्या जागेवरून 21व्या जागेवर गेला, म्हणजे 9 जागा उजवीकडे सरकला. अदलाबदल असल्यामुळे ब नेमका तितक्याच जागा डावीकडे सरकला. डावीकडे सरकले की उजवीकडून मोजलेला क्रमांक तितक्यानेच वाढतो, म्हणून 18 + 9 = 27. येथे एकूण संख्या कुठेच आली नाही, एक वजा करणे नाही आणि मिळवणेही नाही. पहिल्या रीतीत 28 आलेल्या माणसाला येथे 27 दिसले, की दोहोंपैकी कुठेतरी बिघाड आहे हे त्याला त्याच क्षणी कळेल.

दोन रीतींची उत्तरे वेगळी आली तर निवाडा करण्यासाठी डोकी मोजावीत. 12व्या आणि 21व्या जागेच्या मध्ये 13 ते 20 असे 8 जण आहेत. ब च्या नव्या जागेच्या उजवीकडे हे 8, मग अ, आणि अ च्या पलीकडे 17 जण, मिळून 26 जण आहेत. उजवीकडे 26 जण असलेला माणूस उजवीकडून 27वा असतो. (26 वर खूण करणारे पुष्कळ जण नेमके येथेच थांबलेले असतात, उजवीकडे किती जण आहेत हे विचारलेले नाही, तो कितवा आहे हे विचारले आहे.)

सूत्राबद्दलच शंका असेल तर रांग लहान करून पाहावी. पाच जणांच्या रांगेत अ डावीकडून 2रा आणि ब उजवीकडून 2रा आहे असे धरले, तर जागा बदलल्यावर अ डावीकडून 4था होतो. 4 + 2 − 1 = 5 हे बोटांवर मोजूनही बरोबर ठरते, आणि एक वजा न करणाऱ्याचे 6 तेथल्या तेथे उघडे पडतात.

तिसरे विधान पर्याय बाद करण्याविषयी आहे, आणि त्यात अर्धे सत्य आहे. बाद करण्यासाठी जी कसोटी लावायची, ती बरोबर उत्तराला पाळावीच लागेल अशी हवी, आणि तिने काही पर्याय खरोखर गळायला हवेत. ब डावीकडे सरकला, म्हणून त्याचा उजवीकडचा क्रमांक 18 पेक्षा मोठा असला पाहिजे, ही कसोटी खरी आहे, पण चारही पर्याय तिच्यात उतरतात, त्यामुळे ती येथे निकामी आहे. सम-विषमाची कसोटी मात्र कामाची आहे. 12 सम आणि 21 विषम आहे, म्हणून अ विषम जागा सरकला. ब ही तितक्याच सरकला. 18 या सम संख्येत विषम संख्या मिळवली की उत्तर विषम येते. 26 आणि 28 एका फटक्यात गेले. एकाने कमी किंवा एकाने जास्त अशी जी चूक या प्रकारात सर्वाधिक होते, तीच या कसोटीने पकडली जाते.

पण 27 आणि 29 दोन्ही विषम आहेत, आणि दोनाचा फरक सम-विषमाला दिसत नाही. तेथे 18 + 9 हीच दुसरी रीत लागते. समजा 29 ऐवजी 30 हा पर्याय असता, तर 27 एकटाच उरला असता आणि खूण करायला हरकत नव्हती. परंतु पर्याय 26, 28, 29 आणि «यांपैकी नाही» असे असते, तर सम-विषमाने 26 आणि 28 गेल्यावर आकडा म्हणून एकटा 29 उरला असता, आणि तो चुकीचा आहे. एकच उरला म्हणून तो बरोबर, हे म्हणता येण्यासाठी दिलेल्या पर्यायांत बरोबर उत्तर आहेच याची खात्री लागते, आणि «यांपैकी नाही» हा पर्याय ती खात्रीच काढून घेतो. असा पर्याय दिसला की बाद करण्याची पद्धत फक्त नाकारण्यासाठी वापरावी, स्वीकारण्यासाठी गणितच करावे.

वेळेचा आक्षेप सर्वांत सहज सुटतो. सरकण्याच्या रीतीत एक वजाबाकी आणि एक बेरीज आहे, तर पहिल्या रीतीत दोन बेरजा आणि दोन वजाबाक्या आहेत. ताळा मूळ गणिताहून छोटा आहे. वेळ जातो तो तेच लांबलचक गणित पुन्हा करण्यात. अर्थात जेथे दुसरी छोटी रीत सुचतच नाही, तेथे ती शोधत बसू नये. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापला जात असेल, तरी दोन पर्याय उरल्यावर खूण करणे सरासरीने फायद्याचेच असते: निम्म्या वेळा 1 गुण मिळतो, निम्म्या वेळा एकतृतीयांश जातो, म्हणजे प्रश्नामागे सरासरी एकतृतीयांश गुण पदरात पडतो. चारही पर्याय तसेच उरले असतील तर हीच सरासरी शून्य होते.

या ताळ्याची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. दोन रीती स्वतंत्र असल्या तरी दोन्हींना आकडे एकाच ठिकाणाहून मिळतात. कच्च्या कामात 18 ऐवजी 17 उतरवले गेले, तर पहिल्या रीतीने 21 + 17 − 1 = 37 आणि 37 − 12 + 1 = 26 येतात, दुसऱ्या रीतीने 17 + 9 = 26 येतात, सम-विषमाची कसोटीही 26 ला पास करते, आणि 26 पर्यायांत आहे. सगळे जुळलेले असूनही उत्तर चुकीचे आहे. त्यामुळे दुसरी रीत सुरू करताना 12, 18 आणि 21 हे आकडे, तसेच त्यांच्या शेजारचे «डावीकडून» आणि «उजवीकडून» हे शब्द कच्च्या कामावरून न घेता छापील प्रश्नावरून पुन्हा वाचून घ्यावेत.