साडेबारा फेऱ्या कोणत्या लेनमधल्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुमचा मागचा लेख वाचून आमच्याकडच्या सिंथेटिक ट्रॅकवर पाच किलोमीटर धावून पाहिले. साडेबारा फेऱ्या नीट मोजून घातल्या. घड्याळाने अंतर ५.३१ किलोमीटर दाखवले आणि वेळ लागला ३१ मिनिटे ४८ सेकंद. तुम्ही लिहिता की ३० मिनिटांसाठी फेरी २:२४ ला हवी. माझी एकही फेरी अडीच मिनिटांच्या आत आली नाही, तरी घड्याळ पेस किलोमीटरला सहा मिनिटांच्या आसपासच दाखवत होते. म्हणजे एक तर ट्रॅक चुकीचा आखला आहे, नाही तर तुमचे गणित चुकले आहे. आणि ही अर्धी फेरी कशाला? सरळ तेरा लिहा ना. (आतल्या लेनमध्ये क्लबची मुले असतात, म्हणून मी चौथ्या लेनमध्ये धावतो. पण त्याने काय एवढा फरक पडणार?)"

आपण आकडे जसेच्या तसे दिलेत याबद्दल आभार. त्यांच्याविना या तक्रारीचा उलगडा झालाच नसता. ट्रॅक बहुधा बरोबर आहे, गणितही बरोबर आहे, पण लेख अपुरा होता. एक फेरी चारशे मीटरची असते असे मी लिहिले आणि ती कोणत्या लेनमधली हे लिहायचे राहिले. आपण कंसात टाकलेल्या वाक्यातच सगळा फरक दडलेला आहे.

प्रमाणित ट्रॅकची आखणी अशी असते: दोन सरळ भाग प्रत्येकी ८४.३९ मीटरचे, आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे, ज्यांची आतल्या कडेपर्यंतची त्रिज्या ३६.५० मीटर. पहिल्या लेनचे अंतर त्या कडेवरून नव्हे, तर कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरच्या एका काल्पनिक रेषेवरून मोजतात, कारण आत उंच कडपट्टी असताना कोणी तिला घासून धावत नाही. म्हणजे त्रिज्या धरायची ३६.८० मीटर. दोन अर्धवर्तुळे मिळून एक पूर्ण वर्तुळ, त्याचा परीघ २३१.२२ मीटर, त्यात दोन सरळ भागांचे १६८.७८ मिळवले की बरोबर चारशे होतात. हे चारशे फक्त पहिल्या लेनचे आहेत.

बाहेरच्या लेनमध्ये सरळ भाग तेवढेच राहतात, वळणे मात्र मोठी होतात. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद असते, आणि वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढेल त्याच्या सुमारे सव्वासहा पट परीघ वाढतो, मग मूळ वर्तुळ केवढेही असो. दुसऱ्या लेनपासून अंतर आतल्या पांढऱ्या रेषेपासून ३० ऐवजी २० सेंटिमीटरवर मोजतात, त्यामुळे दुसऱ्या लेनची फेरी ४०७.०४ मीटर होते आणि तिथून पुढे प्रत्येक लेनला साधारण ७.६७ मीटरची भर पडते. आपली चौथी लेन येते ४२२.३७ मीटरवर, आणि आठवी ४५३ मीटरवर.

यासाठी माझ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. ट्रॅकवरच ते लिहिलेले असते. चारशे मीटर शर्यतीत प्रत्येकाने आपापल्या लेनमध्ये पूर्ण फेरी मारायची असते आणि सगळ्यांची अंतिम रेषा एकच असते, म्हणून बाहेरच्या धावपटूंना सुरुवातीलाच पुढे उभे करतात. उद्या अंतिम रेषेवर उभे राहून चौथ्या लेनमधून पुढे चालत जा. साधारण तीस पावलांवर, वळण सुरू झाल्यावर, या लेनची चारशेची आरंभरेषा लागेल. ती अंतिम रेषेच्या २२.३७ मीटर पुढे असते, आणि आपण प्रत्येक फेरीत जास्तीचे धावत होता ते नेमके हेच अंतर. (वळणावर आणखीही बऱ्याच खुणा असतात, अडथळ्यांच्या, रिलेच्या. चारशेची खूण सापडत नसेल तर मैदानावरच्या कोणत्याही प्रशिक्षकाला विचारा.)

आता आपली धाव पुन्हा मांडू. ४२२.३७ गुणिले साडेबारा म्हणजे ५,२८० मीटर. ३१ मिनिटे ४८ सेकंद म्हणजे १,९०८ सेकंद, त्यांना ५.२८ ने भागले की किलोमीटरला ३६१ सेकंद, म्हणजे ६:०१ मिळतात. त्याच वेगाने मोजून पाच किलोमीटर धावला असता तर ३० मिनिटे ७ सेकंद लागले असते. एका फेरीला आपल्याला सरासरी २:३२.६ लागले, आणि सहाच्या पेसने चौथ्या लेनची फेरी व्हायला हवी ती २:३२ ला. आपण ज्याला अपयश समजलात ती धाव लक्ष्यापासून फेरीमागे जेमतेम अर्धा सेकंद दूर होती.

घड्याळाचे उरलेले तीस मीटर कुठून आले? पहिला संशय घड्याळावरच घ्यायचा. उपग्रहावरून जागा ठरवणारे घड्याळ ठरावीक काळाने बिंदू टिपते आणि ते जोडते. प्रत्येक बिंदू थोडा इकडेतिकडे पडतो, आणि वळणावर ही चूक अधिक दिसते. नकाशावर आपली धाव उघडून पाहिलीत तर साडेबारा फेऱ्यांची एक रेघ न दिसता गुंतलेल्या लोकरीसारखे कडे दिसेल. दुसरे कारण पायांचे आहे. बहुतेक जण लेनच्या मधोमध धावतात, म्हणजे आतल्या रेषेपासून ६१ सेंटिमीटरवर, तर मोजणी २० सेंटिमीटरवर असते. या ४१ सेंटिमीटरमुळे फेरीमागे अडीच मीटरहून थोडे जास्त, म्हणजे साडेबारा फेऱ्यांत सुमारे ३२ मीटर वाढतात. ५,२८० मध्ये ते मिळवले तर घड्याळाचा आकडा तंतोतंत जुळतो. तरीही हुरळून जाऊ नये, कारण असल्या घड्याळाच्या शेवटच्या तीस मीटरवर भरवसा ठेवण्यासारखी स्थिती नसते. जुळणे हा योगायोगही असू शकतो. काही घड्याळांत ट्रॅकसाठी वेगळा मोड असतो, त्यात लेनचा क्रमांक आधी भरावा लागतो. तो पहिलाच ठेवून चौथ्या लेनमध्ये धावलात तर ते घड्याळ आपल्याला आत्मविश्वासाने चुकीचे अंतर सांगेल.

चौथ्या लेनमध्येच धावायचे असेल तर पाच किलोमीटरला बारा फेऱ्याही पूर्ण लागत नाहीत. बारा फेऱ्यांचे ५,०६८ मीटर होतात. म्हणून अंतिम रेषेच्या ६८ मीटर पुढून सुरुवात करावी आणि बारा फेऱ्या पुऱ्या होताना रेषेवर थांबावे. २२.३७ मीटरच्या त्या खुणेपासून आणखी ४६ मीटर टेपने मोजून कडेला एक दगड ठेवला की काम भागते. गंमत म्हणजे आठव्या लेनमध्ये अकरा फेऱ्यांचे ४,९८३ मीटर होतात, पाच किलोमीटरला फक्त सतरा मीटर कमी.

फेरीची वेळ काढायला मी एकच गुणाकार वापरतो. पाच किलोमीटरसाठी हवी असलेली मिनिटे गुणिले ४.८ केली की पहिल्या लेनची फेरी सेकंदांत मिळते: ३० ला १४४, २७ ला जवळपास १३०, २५ ला बरोबर १२०. बाहेरच्या कोणत्याही लेनसाठी पेसचे सेकंद घेऊन फेरीच्या किलोमीटरने गुणावे. चौथ्या लेनमध्ये सहाच्या पेसला ३६० गुणिले ०.४२२ म्हणजे १५२. फेरीमागे एका सेकंदाची चूक शेवटी साडेबारा सेकंदांची होते, म्हणून येथे आकडा गोल करण्याचा मोह टाळावा. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२२ साली १३:२५.६५ या वेळेने पाच हजार मीटरचा तीस वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा त्यांची सरासरी फेरी साडेचौसष्ट सेकंदांच्या किंचित आत होती.

आता अर्ध्या फेरीबद्दल, कारण तेरा लिहिणे मला मान्य नाही. तेरा फेऱ्या म्हणजे ५,२०० मीटर; २:२४ च्या फेरीने ३१:१२ लागतील आणि ही वेळ इतर कोणत्याही पाच किलोमीटरच्या वेळेशी ताडून पाहता येणार नाही. शिवाय अर्धी फेरी शेवटी येत नाही, ती सुरुवातीला येते. पाच हजार मीटरची शर्यत अंतिम रेषेच्या अर्धी फेरी आधी, म्हणजे दूरच्या सरळ भागाच्या शेवटी, दोनशे मीटर शर्यत जिथून सुटते तिथून सुटते. पहिल्या दोनशे मीटरनंतर धावपटू अंतिम रेषेवर येतो तेव्हा फलकावर १२ चा आकडा असतो, आणि तिथून पुढे सगळ्या फेऱ्या पूर्ण असतात. आपण अंतिम रेषेवरून निघून समोरच्या बाजूला थांबलात, त्यात अंतर चुकले नाही, पण मोजणी उगाच अवघड झाली.

दोनशेच्या खुणेवरून निघालात तर उलटी मोजणी किलोमीटरशीही जुळते. पहिल्या लेनमध्ये ३० मिनिटांचे लक्ष्य असेल तर १२ फेऱ्या उरल्या असताना घड्याळात १:१२ हवेत. १० उरल्या असताना एक किलोमीटर पूर्ण आणि ६:००. ५ उरल्या असताना तीन किलोमीटर आणि १८:००. शेवटची एक उरली असताना २७:३६. दुसरा आणि चौथा किलोमीटर समोरच्या बाजूला पडतो, तो मी मोजत नाही. हे चार आकडे पेनाने तळहाताच्या मागे लिहून निघावे, कारण नवव्या-दहाव्या फेरीत डोक्यात बेरीज होत नाही.

मोजणी चुकली हे ओळखायला आकडेच उपयोगी पडतात. घड्याळाचे लॅपचे बटण दाबायचे राहिले तर एक फेरी अचानक दुपटीची, पावणेपाच मिनिटांच्या वर दिसते. ती चूक निरुपद्रवी. मनात मोजताना एक फेरी जास्त धरली गेली तर मात्र एकूण वेळ बरोबर एका फेरीइतकी कमी येते. सहाच्या पेसने नेहमी धावणाऱ्याला एके दिवशी २७:३६ मिळाली तर आनंद मानण्याआधी फेऱ्या तपासाव्यात. हे नवशिक्यांचेच होते असे नाही. जुलै २०१९ मध्ये लोझानच्या डायमंड लीगमध्ये इथिओपियाचा हागोस गेब्रहिवेत एक फेरी बाकी असतानाच जोर लावून रेषा ओलांडून विजय साजरा करू लागला. चूक लक्षात येईपर्यंत बाकीचे पुढे निघून गेले आणि तो दहावा आला. फलक आणि घंटा दोन्ही असताना हे झाले. आपल्या मैदानावर दोन्ही नसतात, म्हणून मी डाव्या मुठीत बारा चिंचोके घेऊन निघतो आणि दर वेळी रेषा ओलांडताना एक टाकतो, अगदी पहिल्या अर्ध्या फेरीनंतरसुद्धा. बारावा चिंचोका पडला की शेवटची फेरी सुरू झाली.

मूळ लेखात लेनचा उल्लेख आणि चौथ्या लेनचा आकडा आजच घातला आहे. क्लबची मुले सहसा कोणत्या वेळी ट्रॅकवर नसतात ते पाहून एकदा पहिल्या लेनमध्ये, कडपट्टीजवळून, दोनशेच्या खुणेपासून धावून पाहा आणि मिळालेले आकडे येथे जरूर लिहा.