कुंपणाबाहेरचा 28 खोडण्याआधी

“वहीतल्या या दहा आकड्यांचा क्रमबिम लावत बसू नका. 10 ला 4 ने भागा, 2.5 येतं, म्हणजे तिसरा आकडा Q1. तसाच आठवा Q3. झाले 15 आणि 20. फरक 5, त्याची दीडपट 7.5, म्हणून कुंपण 7.5 ते 27.5. 28 बाहेर पडतो, म्हणजे ती नोंदीतली चूक. काढून टाका. कुठेही करून बघा, उत्तर हेच येणार.”

या मजकुरासोबत वहीच्या पानाचा फोटो फिरतोय. पानावर वर ‘मिनिटं’ असं लिहिलंय आणि खाली दोन ओळी आहेत: 17, 12, 15, 28, 9 आणि 13, 18, 20, 11, 14. हिशेब सुटसुटीत दिसतो, म्हणूनच तो लोकांना पटतो. मला मात्र तो फार खटकला, कारण त्यात शेवटी एक खरी नोंद पुसली जाण्याची शक्यता आहे.

आधी क्रमाचं बघू. Q1 म्हणजे ज्याच्या खाली साधारण पाव आकडे राहतात ती जागा, आणि Q3 म्हणजे ज्याच्या वर साधारण पाव राहतात ती. हे दोन चतुर्थक. त्यांच्यातल्या फरकाची दीडपट Q1 च्या खाली आणि Q3 च्या वर मोजून जी हद्द आखतात ते कुंपण. आता 15 च्या खाली किती आकडे आहेत ते वहीतच मोजा: 12, 9, 13, 11, 14. पाच. दहातले पाच, म्हणजे अर्धे. आणि 20 च्या वर फक्त एक. पाव भाग तोडायला गेलो आणि अर्धा तुटला. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण असली गडबड पकडायला सूत्र लागत नाही, बोटं पुरतात. या यादीचा मध्यक, म्हणजे क्रम लावल्यावर मधोमध येणारी किंमत, 14.5 आहे. Q1 मध्यकापेक्षा मोठा निघाला की तिथेच थांबायचं.

क्रम लावला की यादी अशी होते: 9, 11, 12, 13, 14, 15, 17, 18, 20, 28. मधोमध कापली की खाली पाच, वर पाच. खालच्या पाचांतला मधला 12, वरच्या पाचांतला मधला 18. आता हेही मान्य केलं पाहिजे की दहा आकड्यांसाठी तिसरा आणि आठवा ही निवड चुकीची नव्हती. चढत्या क्रमात तिसऱ्या आणि आठव्या जागेवर हेच दोघे बसलेत. चुकलं ते आकडे ज्या क्रमाने लिहिले गेले त्याच क्रमाने मोजणं. आकडे बारा असते तर भागाकार नेमका 3 आला असता आणि तिसऱ्या-चौथ्याची सरासरी घ्यावी लागली असती, एवढी भर त्या नियमात घालायला हवी.

आंतरचतुर्थक विस्तार आता 18 − 12 = 6. दीडपट 9. कुंपण 3 ते 27. अठ्ठावीस इथेही बाहेरच आहे, म्हणून ‘बघा, निष्कर्ष तोच आला’ असं कुणी म्हणेल. पण तो योगायोग आहे. हेच दहा आकडे वेगळ्या क्रमाने लिहिले गेले असते, तिसऱ्या जागी 9 आणि आठव्या जागी 28 असता, तर त्या रीतीने फरक 19 आला असता आणि वरचं कुंपण 56.5 वर गेलं असतं. आकडे तेच, फक्त लिहिणाऱ्याचा हात आधी कुठे गेला त्यावर सगळं ठरलं असतं.

आता ‘कुठेही करून बघा’ याबद्दल. करून बघितलं. स्प्रेडशीटच्या A1 ते A10 मध्ये हे आकडे भरा आणि दोन्ही सूत्रं चालवा:

```
=QUARTILE.EXC(A1:A10,1)   11.75
=QUARTILE.EXC(A1:A10,3)   18.5
=QUARTILE.INC(A1:A10,1)   12.25
=QUARTILE.INC(A1:A10,3)   17.75
```

दोन्ही सूत्रं बरोबर आहेत. पहिलं सूत्र Q1 ची जागा (10 + 1) ÷ 4 = 2.75 धरतं, म्हणजे दुसऱ्या आकड्यापासून तिसऱ्याकडे पाऊण वाट चालायची: 11 वरून 12 कडे, म्हणून 11.75. दुसरं सूत्र जागा 1 + 9 ÷ 4 = 3.25 धरतं, म्हणून 12 वरून 13 कडे पाव वाट. हजार आकड्यांच्या यादीत हा फरक सहसा जाणवत नाही. दहाच्या यादीत तो कुंपणापर्यंत पोचतो. पहिल्या सूत्राने विस्तार 6.75 आणि वरचं कुंपण 28.625, म्हणजे 28 आत! दुसऱ्याने विस्तार 5.5 आणि कुंपण 26, म्हणजे 28 बाहेर. छोट्या यादीवर चतुर्थक सांगताना पद्धतही लिहावी लागते, ती याचसाठी. वहीत ‘दोन अर्ध्यांचे मध्यक’ एवढं लिहिलं तरी पुरे, वाचणाऱ्याला तेच उत्तर पुन्हा काढता येतं.

राहिला 28 स्वतः. दीडपटीच्या कुंपणाची रीत अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांची. त्यांच्याकडे दोन कुंपणं होती, आतलं दीडपटीचं आणि बाहेरचं तिप्पटीचं. इथे तिप्पटीचं वरचं कुंपण 18 + 18 = 36 वर येतं, 28 त्याच्या बराच आत आहे. आतलं कुंपण ओलांडलेला आकडा म्हणजे ‘याच्याकडे नीट बघा’ अशी खूण, तो चुकीचा असल्याचा निकाल नव्हे. अगदी आदर्श घंटाकृती वितरणातही सुमारे 0.7 टक्के निर्दोष आकडे या कुंपणाबाहेर पडतात, आणि छोट्या यादीत हे प्रमाण आणखी वाढतं, कारण चतुर्थक स्वतःच डळमळीत असतात.

मग नीट बघायचं म्हणजे काय करायचं? फोटो मोठा करून बघितला. पहिली शंका अशी की तो 23 तर नाही? घाईत लिहिलेल्या 3 ची डावी बाजू मिटली की तो 8 सारखा दिसतो. 23 असता तर चतुर्थक 12 आणि 18 च राहिले असते आणि आकडा निमूट कुंपणाच्या आत बसला असता. पण त्याच पानावर तुलनेला 13 मधला 3 आहे आणि 18 मधला 8 आहे. या हाताचा 3 डावीकडे सताड उघडा आहे, आणि 8 एका फटक्यात वळवून मध्ये रेघ छेदणारा. 28 मधलं वळणही तसंच छेदलंय. म्हणजे लिहिणाऱ्याने 28 च लिहिलंय.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 28 च्या वर पेन्सिलीची छोटी फुली आहे आणि तशीच फुली पानाच्या उजव्या समासात आहे. तिच्यापुढे काहीतरी लिहिलेलं आहे, पण फोटो तिथेच कापलाय. ‘मध्ये उठलो’ असं काही असेल, तर 28 वगळायला कारण मिळेल, आणि ते कारण ती टीप असेल, कुंपण नव्हे. ‘हा सर्वांत अवघड होता’ असं असेल, तर 28 ठेवायलाच हवा.

28 धरून सरासरी 15.7 येते, वगळून 14.3. मध्यक मात्र 14.5 वरून फक्त 14 वर सरकतो. समास कळेपर्यंत मी दोन्ही सरासऱ्या शेजारी शेजारी लिहीन, 28 खोडणार नाही. ज्यांच्याकडे ती वही आहे त्यांनी पूर्ण पानाचा, उजव्या समासासकट, फोटो टाकावा.