११० ला पडणारा टॉवेल १०० ला का विकायचा: एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमच्याच तक्त्यात टॉवेल ११० ला पडतो आणि तुम्ही तो हॉटेलवाल्याला १०० ला द्या म्हणताय. मग स्थिर खर्च कोण भरणार, तुमचे काका? हॉटेलचं नाव बॉर्डरवर विणायचं तर डिझाइनचा खर्च येतो, तो धरलेलाच नाही. मजुरी बदलती धरलीय, तेही चूक. आणि नेहमीच्या व्यापाऱ्याला हा भाव कळला की तोही १०० च मागणार. पुस्तकी लोकांनी आधी चार दिवस मागावर उभं राहावं, मग शिकवावं.»
– एक यंत्रमागवाला, सोलापूर

नमस्कार.

माग रिकामे असतील तर हॉटेलची एकदाच येणारी ऑर्डर ११० ला पडणाऱ्या टॉवेलला १०० भावानेही घ्यावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण दीड वाजता पुन्हा लॅपटॉप उघडला, तेव्हा आता लिहूनच टाकतो. या ब्लॉगवर मतभेदाला मज्जाव कधीच नव्हता. पण हिशेबाच्या चर्चेत माझे काका कुठून आले, ते मला अजून उमगलेलं नाही. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि हा ब्लॉग नेमाने वाचतात.

मागावर उभं राहण्याबद्दल. आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांचे आठ माग होते. शाळेतून आलो की कांड्या भरलेल्या पेट्या मागापर्यंत नेणं हे माझं काम, आणि महिन्याचं वीजबिल भरायच्या रांगेत उभं राहणं हेही माझंच. मार्जिनल कॉस्टिंग, म्हणजे बदलता आणि स्थिर खर्च वेगळे ठेवून हिशेब करणं, मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी त्या बिलावर पाहिलं. एका महिन्यात सूत मिळेना म्हणून बारा दिवस माग बंद होते. बिल आलं तेव्हा ‘वीज आकार’ची ओळ चांगलीच खाली आली होती आणि ‘स्थिर आकार’ची ओळ जागची हलली नव्हती. मी वडिलांना विचारलं, माग बंद होते तर याचे पैसे कशाचे? ते म्हणाले, «माग चालो, न चालो, ते द्यावेच लागतात.» मी पुढे शिकलो ते सगळं या एका वाक्याच्या आत बसतं. तेव्हा ‘पुस्तकी’ हा शब्द जरा जपून वापरलात तर बरं होईल.

आता स्थिर खर्चाबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेत उत्तर देण्याजोगा खरा प्रश्न हा एकच आहे, म्हणून याला जागा देतो.

तो खर्च आधीच भरला गेलाय. माझ्या उदाहरणातला कारखाना महिन्याला ७,००० टॉवेल १२० रुपयांनी विकतो. एका नगामागे सूत ५८, रंगणी १३, विणकामाची मजुरी ८, शिलाई-पॅकिंग ५, वीज आकार ३ आणि दलाली ३, म्हणजे बदलता खर्च ९० रुपये. विकलेला प्रत्येक नग ३० रुपये मागे ठेवतो. याला काँट्रिब्युशन म्हणतात. ७,००० नगांचे झाले २,१०,०००. त्यातून भाडं, कर्जाचं व्याज, जॉबर आणि मुनीम यांचे पगार, स्थिर आकार असे मिळून १,४०,००० जातात आणि ७०,००० मालकाला उरतात. हॉटेलवाला दारात यायच्या आधीच भाडेकरार, बँक, मुनीम सगळे निवांत झालेले असतात.

मग तुमचे ११० आले कुठून? १,४०,००० ला ७,००० ने भागलं, २० आले, ते ९० मध्ये मिळवले. हे २० रुपये टॉवेलमध्ये कुठेही विणलेले नाहीत, ते आपण भागाकार करून त्याला चिकटवलेत. मंदी येऊन विक्री ५,००० वर घसरली तर हाच टॉवेल ११८ ला ‘पडेल’, आणि १०,००० गेला तर १०४ ला. सूत तेच, माग तेच, विणकर तोच. मंदीत ११८ चा आकडा बघून कुणी भाव वाढवला की उरलेलं गिऱ्हाईकही जातं, मग टॉवेल आणखी ‘महाग पडतो’. या चक्रात अडकलेल्या दोन-तीन कारखान्यांचे हिशेब मी स्वतः तपासलेत.

११० हा आकडा टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. ३१ मार्चला गोदामातल्या शिल्लक मालाचं मूल्य काढताना लेखा मानक २ प्रमाणे उत्पादनाचा स्थिर खर्च सर्वसाधारण क्षमतेच्या हिशेबाने मालात धरावाच लागतो. ते ताळेबंदाचं काम. दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हो म्हणायचं की नाही, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

हॉटेलवाल्याला ३,००० नग हवेत, १०० रुपयांनी, एकदाच. कारखान्याची क्षमता १०,००० ची, म्हणजे ३,००० नगांएवढे माग रिकामेच आहेत. तो थेट आलाय, त्यामुळे दलालीचे ३ रुपये वाचतात आणि बदलता खर्च ८७ वर येतो. नगामागे १३, ३,००० नगांवर ३९,०००. तुमच्या हिशेबाने याच ऑर्डरमध्ये नगामागे १० प्रमाणे ३०,००० चा तोटा आहे. मग महिनाअखेरीला खात्यात ७०,००० ऐवजी १,०९,००० कसे दिसतात, ते सांगा. एकूण विक्रीतून एकूण खर्च वजा करून बघा, मी तीन वेळा केलाय.

डिझाइनचा मुद्दा मात्र बरोबर, माझ्याकडून सुटला. बॉर्डरवर नाव विणायचं तर जकार्डसाठी डिझाइन करून घ्यावं लागतं. ५,००० धरू. हा खर्च फक्त याच ऑर्डरपायी होतो, म्हणून तो ऑर्डरच्याच माथी मारायचा. ३९,००० चे ३४,००० झाले. भावाची तळरेषाही त्याने सरकते: ८७ मध्ये ५,००० भागिले ३,०००, म्हणजे साधारण ८८ रुपये ६७ पैसे. त्याखाली गेलात तर खिशातून जातील. तक्ता दुरुस्त केलाय, धन्यवाद. निर्णय बदलत नाही.

खरं तर माझ्या लेखातली कच्ची जागा दुसरीच होती, आणि इतकं रागावून वाचूनही ती तुमच्या नजरेतून निसटली. रिकाम्या मागांची गोष्ट मी एका ओळीत उरकली होती. समजा हॉटेलवाला म्हणाला, ३,००० नाही, ४,००० घेईन, पण घेतले तर सगळे. आता वरच्या १,००० नगांसाठी नेहमीच्या व्यापाऱ्याचा माल अडवावा लागेल, आणि त्याच्या प्रत्येक नगामागचे ३० रुपये हातचे जातील. ऑर्डरचे ५२,०००, त्यातून डिझाइनचे ५,००० आणि बुडालेले ३०,००० वजा केले की उरतात १७,०००. ऑर्डर मोठी झाली आणि फायदा निम्म्यावर आला. बुडालेले ३०,००० कुठल्याच वहीत खर्च म्हणून लिहिले जात नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत. तळरेषा इथे ८८.६७ वरून थेट ९५.७५ वर जाते. शंभराचा भाव अजून तिच्या वर आहे खरा, पण एखादी लॉट रंगात नापास झाली तर ते सव्वाचार रुपये पुरायचे नाहीत.

आणि रिकामेपण नगांत मोजू नका, मागाच्या तासांत मोजा. हॉटेलला टॉवेल जाड लागला, एका पाळीत नेहमीपेक्षा कमी नग उतरले, तर ३,००० ची मोकळी जागा २,४०० नगांतच भरते. मग नग ३,००० असूनही गणित वरच्या ४,००० सारखं होऊन बसतं. हो म्हणायच्या आधी नमुन्याचे पंचवीस-तीस नग एका मागावर काढायचे, घड्याळ लावायचं आणि मगच तारीख द्यायची.

मजुरीबद्दल फार लिहीत नाही. विणकाम नगावर असेल तर ती बदलती, यात वाद घालण्यासारखं काय आहे? तुमच्याकडे पगारी माणसं रिकामी बसत असतील, तर त्यांचे ८ रुपये या ऑर्डरच्या खर्चात धरायचेच नाहीत, म्हणजे १३ चे २१ होतात. तुमचा आक्षेप माझ्याच बाजूने पडतो. जादा वेळ लावून काम करून घ्यावं लागलं तर गोष्ट वेगळी. कायद्याप्रमाणे दुप्पट दर, म्हणजे १३ चे ५. तो हिशेब तुम्हीच करा, तुम्ही मागावर उभे असता.

राहिला नेहमीचा व्यापारी. त्याने ५ रुपये जरी उतरवून घेतले तर ७,००० नगांवर ३५,००० जातात आणि या ऑर्डरने जे दिलं ते एका महिन्यात सपाट होतं. एवढं मलाही कळतं. पण बॉर्डरवर हॉटेलचं नाव विणलेला टॉवेल बाजारपेठेत कोण विकणार? ज्या डिझाइनच्या खर्चावरून तुम्ही मला पकडलंत, तेच डिझाइन हा माल नेहमीच्या मालापासून वेगळा ठेवतं. साधा, बिननावाचा टॉवेल त्याच शहरातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला १०० ला द्या, असं मी कुठेच लिहिलेलं नाही.

वडिलांनी एकदा तेही केलं होतं, माझ्याच सांगण्यावरून. बाहेरगावच्या एका पार्टीला साधा माल कमी भावात दिला, त्या महिन्यात माझी कॉलर ताठ होती. पुढच्या वर्षी ती पार्टी त्याच भावाला पुन्हा आली, तिसऱ्या वर्षी तो ‘आपला ठरलेला भाव’ झाला, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या मालाला माग कमी पडू लागले. १०० च्या भावाने १०,००० च्या १०,००० नग विकलेत तर काँट्रिब्युशन १,३०,००० होतं आणि स्थिर खर्च १,४०,००० तसाच असतो. वडिलांचं थोड्याफार फरकाने हेच झालं. पण हा दोष पद्धतीचा नाही, ‘एकदाच’ हा शब्द विसरण्याचा आहे, आणि माझ्या लेखाच्या शीर्षकात तो शब्द आहे. शीर्षक वाचलं होतंत ना?

तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवतोय, काकांसकट. पुढच्या वेळी आकडे पाठवा. मागाचे तास आणि मागच्या दोन महिन्यांची वीजबिलं पाठवलीत तर तुमच्या कारखान्याचा तक्ता मी करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.