काळी चारचा सर्वो

कालच्या व्हिजिटचा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या.

भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप. ड्रिलिंग मशीनचा सर्वो मोटरवर चालणारा टेबल जागेवर थांबताना थोडा पुढे जायचा आणि परत मागे यायचा. डायल लावला तर सुई पाच शतांश मिलिमीटर पलीकडे जाऊन, दोन-तीन झोके घेऊन मग बसायची. मला बसायला रंगाचा उपडा डबा मिळाला. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर शेठचे मामा होते.

मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात. दुपारी घरी पंखा नीट चालत नाही म्हणून वर्कशॉपमध्ये येऊन बसतात. लॅपटॉप उघडल्याबरोबर त्यांनी विचारलं, "यात सिनेमा बघता का हो?"

आधीच्या कुणीतरी सायकल टाइम कमी करायला टेबलाची जागा सांभाळणाऱ्या पोझिशन लूपचा गेन, म्हणजे चूक सुधारण्याचा जोर, सेकंदाला 60 करून ठेवला होता. शेठ म्हणाले, "तो कमी करू नका, प्रत्येक थांब्याला वेळ जातो." बरोबर होतं त्यांचं. पण मोटरचा वेग सांभाळणारा आतला व्हेलॉसिटी लूप इतका ढिला होता, की त्याची चपळाई, म्हणजे बँडविड्थ, जेमतेम 12 हर्ट्झ भरली. रेडियनमध्ये सेकंदाला 75. बाहेरच्या लूपला आतला लूप निदान चौपट चपळ लागतो. इथे सव्वापट होता. अशा वेळी हिशेबानेच बारा टक्क्यांच्या आसपास ओव्हरशूट येतो, सेकंदाला आठ-नऊ झोक्यांचा. सावकाश, डोळ्यांना दिसणारा झोका दिसला की संशय आधी या गुणोत्तरावर घ्यायचा. पोझिशन गेन 20 च्या खाली आणला असता तरी झोके गेले असते, पण टेबल पेंगत पेंगत जागेवर आला असता.

म्हणून पोझिशन लूप उघडा केला आणि नुसत्या व्हेलॉसिटी लूपला 100 आरपीएमचा स्टेप दिला. टॉर्क मर्यादेला टेकत नाही ना, हे आधी पाहिलं. टेकला तर ग्राफ लूपचा नसतो, करंट लिमिटचा असतो. वेग 140 ला जाऊन परत आला. गेन वाढवला, इंटिग्रल टाइम लांबवला, 115 वर आला. छान चाललं होतं. आणखी एक पायरी चढलो आणि मोटर किणकिणायला लागली. थांबलेली असतानासुद्धा.

मामा सरसावून बसले. डोळे मिटले.

"काळी चार."

"काय?"

"काळी चार लागली. मधल्या सप्तकातली. जरा वेगात चालवा बघू."

मी चालवली. कारण मलाही तेच करायचं होतं, हे शेठना कोण सांगणार?

"सूर हलत नाही," मामा म्हणाले. "बेअरिंगचा असता तर वेगाबरोबर चढला असता. आमच्या पेटीचा भातासुद्धा..." इथून पुढे भात्याची, एका चुलतभावाची आणि पंढरपूरच्या एका मुक्कामाची हकीकत आली. तोवर मोटर किणकिणत होती आणि मी ड्राइव्ह बंद करायला हात पुढे केला की मामा म्हणायचे, "थांबा, ऐकू द्या."

माणूस बरोबर होता, हेच सलतंय. गेन वाढला की कपलिंग आणि बॉलस्क्रू यांचा स्वतःचा रेझोनन्स लूपमध्ये सापडतो. मग सूर यंत्राच्या घडणीवर ठरतो, वेगावर नाही. टॉर्कच्या ग्राफमधला थरथराट आधी फुगत गेला आणि मग एका उंचीवर चपटा झाला. तो शांत झाला नव्हता, करंटची मर्यादा लागली होती. ओव्हरशूटचे झोके विरत जातात. हे विरत नव्हते. कुठल्या कंप्रतेला किती थरथर आहे हे दाखवणाऱ्या ड्राइव्हच्या एफएफटीमध्ये टोक दिसलं 412 हर्ट्झला. काळी चार म्हणजे 415.

गेन एक पायरी उतरवला, 412 वर तेवढीच कंप्रता दाबणारा अरुंद नॉच फिल्टर लावला. रुंद लावला असता तर त्याचा विलंब खाली झिरपून ओव्हरशूट परत आला असता. किणकिण गेली. मग गेन पुन्हा चढवला, बँडविड्थ 50 हर्ट्झला पोचली. पोझिशन गेन 60 ला जसाच्या तसा ठेवून लूप जोडला. डायलची सुई आली आणि बसली. झोका नाही.

शेठनी टाळी दिली. मामांना. "बघा, आमच्या मामांनी नुसत्या कानाने पकडलं! तुम्हाला लॅपटॉप लागला!"

आतला-बाहेरचा लूप, चौपट, नॉचची रुंदी, यातलं मामांच्या कानाने काय केलं, हे मी समजावायला गेलो. शेठ तोवर चहा सांगायला निघून गेले. चहा आला, दोन कप, शेठ आणि मामा. मी उपड्या डब्यावर पॅरामीटर सेव्ह करत होतो.

निघताना बिल दिलं. शेठनी ते उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "निदान मामांनीच केलं ना साहेब, व्हिजिट चार्ज जरा कमी करा."

मामा म्हणाले, "द्या हो पूर्ण, पोराने बरी साथ केली."

बिलाचे पैसे अजून आलेले नाहीत.